भाचीच्या फळीवर सतरा बाटल्या आणि चेहऱ्याची आग: काय ठेवू, काय काढू?

नीरजा_कोथरूड | ६ जुलै

माझ्या बहिणीची मुलगी ऋतुजा कॉलेजसाठी आमच्याकडे राहते. बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला आहे. गेल्या दिवाळीपर्यंत तिच्या कपाळावर आणि हनुवटीवर चार पुटकुळ्या असायच्या, त्या वयात सगळ्यांना असतात तशा. मग तिने एक सीरम मागवलं. आठवड्याभरात फरक पडला नाही म्हणून दुसरं. मग मैत्रिणीने सांगितलेलं तिसरं. आता बाथरूममधली माझी शाम्पूची फळीसुद्धा तिच्याच बाटल्यांनी व्यापली आहे.

अडचण जागेची नाही. गेल्या पंधरवड्यापासून तिचा चेहरा लाल आहे. नाकाच्या दोन्ही बाजू आणि ओठांचे कोपरे सोलवटलेत. कपाळ ओढल्यासारखं होतं आणि तेल न लावताही चकाकतं. काल तिने साधं पाणी मारलं तरी झोंबलं. पूर्वी कधीच नसलेल्या बारीक पुळ्याही कपाळभर आल्यात. तिचं म्हणणं असं की अजून योग्य बाटली सापडलेली नाही, आणि आणखी एक मागवायच्या बेतात आहे. मी तिला आठवडाभर थांब म्हटलंय.

आज दुपारी सगळ्या बाटल्या जेवणाच्या टेबलावर मांडून मोजल्या. सतरा भरल्या. यातलं काय ठेवायचं, काय काढायचं आणि किती दिवस वाट पाहायची, हे कुणी सांगेल का?

सुगरण_माई | ६ जुलै

सगळं काढा. आमच्या वेळी डाळीचं पीठ, साय आणि चिमूटभर हळद एवढ्यावर सगळ्या पोरींचे चेहरे नितळ होते. वर चार थेंब लिंबू. रोज हळूहळू चोळून लावायला सांगा, महिन्यात फरक दिसेल.

हर्षद७ | ६ जुलै

बाथरूममध्ये कोपऱ्यात बसणारा स्टीलचा तीन मजली स्टँड मिळतो, ड्रिल करावं लागत नाही. आमच्याकडे दोन आहेत. सतरा बाटल्या आरामात मावतील.

नीरजा_कोथरूड | ६ जुलै

हर्षद, धन्यवाद, पण प्रश्न तिच्या चेहऱ्याचा आहे.

प्रयोगशाळा_ठाणे | ६ जुलै

नीरजाताई, मी सौंदर्यप्रसाधनांच्या कारखान्यात काम करतो. माझं काम क्रीम आणि सीरम बनवायचं. माणसाची त्वचा तपासणं हा माझा प्रांत नाही, पण लेबल वाचता येतं. प्रत्येक बाटलीच्या मागची घटकांची यादी इथे लिहाल का? सगळी नको, पहिली सात-आठ नावं पुरेत. यादीत जास्त प्रमाणातला घटक आधी येतो. ज्याच्या नावाने बाटली विकली जाते तो कधी कधी यादीत पार खाली असतो, आणि ज्याबद्दल समोर अवाक्षर नसतं तो वर.

डॉ_अनघा | ६ जुलै

मी त्वचारोगतज्ज्ञ आहे, नाशिकला. न बघता निदान करणार नाही, पण तुम्ही लिहिलेल्यातली एक गोष्ट महत्त्वाची आहे: साधं पाणी झोंबतंय. पाणी झोंबायला लागलं म्हणजे त्वचेचा सगळ्यात वरचा थर विस्कटला आहे. अशा वेळी कुठलंही नवीन सीरम, मग ते कितीही चांगलं असो, आग वाढवणारच.

आधी मला एका गोष्टीचं उत्तर हवं आहे. त्या सतरांत मेडिकलमधून आणलेली एखादी छोटी ट्यूब आहे का? असेल तर तिच्यावर मोमेटासोन, बीटामेथासोन, क्लोबेटासोल यातलं एखादं स्टेरॉइड छापलंय का बघा. ते असेल तर मार्ग वेगळा, नसेल तर बराच सोपा.

माईंशी अर्धी सहमत. कमी लावा, हे अगदी खरं. पण सोलवटलेल्या त्वचेवर डाळीचं पीठ चोळू नका, त्याची कणी आता तिला सोसणार नाही. आणि लिंबू मुळीच नको. ते स्वतःच बरंच आम्लधर्मी आहे, शिवाय लिंबाचा रस लागलेल्या जागी ऊन पडलं की कातडी भाजून काळे डाग पडतात. उन्हाळ्यात सरबत करणाऱ्यांच्या बोटांवर असे डाग मी दरवर्षी बघते.

विदर्भकन्या | ७ जुलै

डॉक्टरांनी ट्यूबचं विचारलं ते वाचून राहवलं नाही. माझी तीच गत झाली होती. लग्नाआधी ओळखीच्या एका दुकानदाराने "रंग उजळतो" म्हणून एक ट्यूब दिली. पंधरा दिवसांत चेहरा असा दिसायला लागला की बायका विचारायच्या काय लावतेस. मग ती बंद केली की चेहरा लाल व्हायचा, भाजायचा, म्हणून परत लावायची. असं दीड वर्ष चाललं. गालावर बारीक लाल शिरा दिसायला लागल्या आणि हनुवटीवर लव वाढली, तेव्हा नागपूरला दाखवलं. त्यात स्टेरॉइड होतं. ते सुटायला मला मुरुमांपेक्षा कितीतरी जास्त वेळ लागला. ताई, ट्यूब नक्की शोधा, उशीखालीसुद्धा.

डॉ_अनघा | ७ जुलै

तुम्ही हे लिहिलंत ते फार बरं केलंत. २०१८ मध्ये सरकारने अशी स्टेरॉइड मलमं चिठ्ठीवरच विकायची असा नियम केला, तरी ती अजून सहज मिळतात. आणि ज्यांना त्यांची सवय लागलीय त्यांनी ती एकदम बंद करायची नसतात, डॉक्टरांकडून टप्प्याटप्प्याने सोडवून घ्यायची असतात.

नीरजा_कोथरूड | ७ जुलै

ट्यूब एकच निघाली, बेंझॉइल पेरॉक्साइड २.५ टक्के. स्टेरॉइड कशातच नाही. ऋतुजालाही खोदून विचारलं, नाही म्हणाली. त्या औषधाने कापडाचा रंग उडतो, माझ्या मरून टॉवेलवर नारिंगी डाग का पडत होते ते मात्र आज कळलं. मी कामाच्या बाईंना विचारत बसले होते.

आता यादी. चेहरा धुवायच्या तीन बाटल्या, त्यातल्या दोन सॅलिसिलिक अॅसिडच्या, २ टक्के. सॅलिसिलिकचंच सीरम, २ टक्के. टोनर दोन: एक ग्लायकॉलिक अॅसिड ७ टक्के, दुसऱ्यावर समोर "कडुलिंब" लिहिलंय पण मागे पुन्हा सॅलिसिलिक. नायसिनामाइडचं सीरम १० टक्के. व्हिटॅमिन सी, ते आता चहाच्या रंगाचं झालंय. रेटिनॉल. रक्तासारखं लाल दिसणारं एक द्रावण, त्यावर ३० टक्के आणि २ टक्के असे दोन आकडे. मॉइश्चरायझर दोन, सनस्क्रीन दोन, माती, गुलाबपाणी, दाणेदार स्क्रब, आणि या सतरांशिवाय ती ट्यूब.

प्रयोगशाळा_ठाणे | ७ जुलै

आता चित्र स्पष्ट झालं. रोजचा हिशेब मांडू. सकाळी सॅलिसिलिकने तोंड धुतलं, मग सॅलिसिलिकचं टोनर, मग सॅलिसिलिकचं सीरम. पोरीला वाटतं आपण तीन वेगळ्या गोष्टी लावतोय, चेहऱ्याला मात्र एकच गोष्ट तीनदा मिळते. रात्री ग्लायकॉलिक आणि त्यावर रेटिनॉल, म्हणजे सोलणारे दोन पदार्थ लागोपाठ. लाल द्रावण तर घरच्या घरी करायचं पील, म्हणजे आम्लाने त्वचा सोलणंच आहे. ते दहा मिनिटांपलीकडे ठेवायचं नसतं आणि सोलवटलेल्या त्वचेवर लावायचंच नसतं. नायसिनामाइडही तपासा, बहुतेक मॉइश्चरायझरमध्ये आणि सनस्क्रीनमध्येही निघेल.

यातला एकही पदार्थ वाईट नाही. आम्ही प्रत्येक बाटली एकेकटी तपासतो, की रोज एवढी लावली तर सोसते का. तिच्या आधी आणि नंतर माणूस आणखी काय लावणार आहे, ते आमच्या तपासणीत येत नाही.

चहाच्या रंगाचं व्हिटॅमिन सी फेकून द्या. ते हवेने उतरलंय. बाटल्या गीझरशेजारी ठेवत असाल तर तेही लवकर उतरण्याचं एक कारण.

सुगरण_माई | ७ जुलै

बाई गं. एवढं तर आम्ही तांब्या-पितळेची भांडी घासायलाही वापरत नाही.

डॉ_अनघा | ८ जुलै

आता नीरजाताईंच्या मूळ प्रश्नाकडे. तिन्ही उत्तरं देते.

ठेवायचं: फेस न येणारा किंवा अगदी कमी येणारा, वास नसलेला एक फेसवॉश, तोही फक्त संध्याकाळी. सकाळी नुसतं पाणी. बिनवासाचं एक मॉइश्चरायझर, त्यात सेरामाइड असेल तर उत्तम, ग्लिसरीन तरी हवंच. ते तोंड पुसून कोरडं होण्याआधी, ओलसर असतानाच लावायचं. आणि एक सनस्क्रीन. अंगाचा साबण तोंडाला नको. त्वचेचा सामू पाचाच्या आसपास असतो, साध्या साबणाचा नऊ-दहा. धडधाकट त्वचा ते सावरून घेते, हिची आत्ता घेणार नाही.

काढायचं: बाकी सगळं. फेकायची गरज नाही, पण तिच्या हाताशी नको.

वाट: पाणी आणि मॉइश्चरायझर दोन्ही अजिबात झोंबेनासं होईपर्यंत. बहुतेकांना दोन ते चार आठवडे लागतात. वरचा थर बाहेरून चोपडून भरत नाही, तो खालून तयार होत वर येतो. खाली जन्मलेली पेशी वर येऊन गळून पडेपर्यंत साधारण चार आठवडे जातात. मॉइश्चरायझर फक्त तोवर ओल धरून ठेवतं. शेणाने सारवलेल्या अंगणात ते सुकायच्या आत पाय ठेवला तर तेवढा भाग पुन्हा सारवावा लागतो, तसंच हे. मधेच एकदा ते लाल द्रावण लावलं तर मोजणी पुन्हा पहिल्यापासून.

आणि तिला आत्ताच सांगून ठेवा की या काळात मुरुम थोडे वाढतील. आग शमतेय तोवर मुरुमावरचं औषध बंद आहे, मग ते येणारच. नेमकं तेव्हाच सगळे धीर सोडतात.

कपाळावरच्या पुळ्यांबद्दल: सगळ्या एकाच मापाच्या आहेत का? खाजतात का? आणि केसांना रात्री तेल लावून झोपते का?

नीरजा_कोथरूड | ८ जुलै

एकाच मापाच्या आहेत, थोड्या खाजतात. तेल शनिवारी रात्री मीच लावून देते, खोबरेल.

डॉ_अनघा | ८ जुलै

मग त्यातल्या काही मुरुम नसून केसांच्या मुळाशी वाढणाऱ्या बुरशीच्या असू शकतात. तेल आणि पावसाळ्यातला घाम त्या बुरशीला मानवतो. शनिवारचं तेल आंघोळीच्या तासभर आधी लावा, रात्रभर नको. तेवढ्याने कमी नाही झाल्या तर जवळच्या त्वचातज्ज्ञांना दाखवा. हे फोटोवरून ठरवणार नाही.

जर्सीकर_मनोज | ८ जुलै

इथे न्यू जर्सीत माझ्या मुलीला मुरुमांवरच्या अॅडापेलीन ०.१ टक्के मलमाने खूप गुण आला. २०१६ पासून इथे ते चिठ्ठीशिवाय मिळतं. पुढच्या महिन्यात पुण्याला येतोय, हवं तर दोन ट्यूब आणतो. इतक्या बाटल्यांपेक्षा एकच खरं औषध लावलेलं बरं.

डॉ_अनघा | ८ जुलै

औषध चांगलं आहे, माझ्याही मनात पुढे तेच आहे. पण आत्ता लावलं तर तिला दुसऱ्याच दिवशी रडू येईल. भारतात ते बनतं आणि चिठ्ठीवर स्वस्तात मिळतं, त्यामुळे आणायची गरज नाही. आधी आग विझू द्या.

स्कूटीवाली_पुणे | ९ जुलै

कुणी स्कार्फचं विचारलंच नाही. आम्ही पुण्याच्या मुली गाडीवर डोळे सोडून सगळं गुंडाळतो. तो स्कार्फ डिकीत घामट पडलेला असतो आणि दिवसभर तोच गालाला घासतो. मी रोज धुतलेला, मऊ सुती स्कार्फ वापरायला लागले आणि जबड्याच्या कडेच्या पुटकुळ्या बऱ्याच कमी झाल्या. दुसरं काही बदललं नव्हतं.

डॉ_अनघा | ९ जुलै

पटतं. घर्षण, घाम आणि दाब एकत्र आले की तिथे मुरुम येतात. हेल्मेटच्या पट्ट्याखालीही असंच होतं. स्कार्फ सोडू नका, उन्हासाठी तो उत्तमच आहे. फक्त दोन-तीन ठेवा आणि रोज बदला.

ऋतुजा_एस | १३ जुलै

मी ती भाची. मावशीने धागा वाचायला दिला. आधी राग आला की माझ्या बाटल्या चारचौघांत मोजल्या, पण ठाण्याच्या दादांनी सकाळचा हिशेब मांडलाय तो वाचून गप्प बसले. मी केमिस्ट्री शिकते. एकच पदार्थ तीनदा लावतेय हे मला दिसायला हवं होतं.

मला खरा प्रश्न असा पडतो: काहीच न लावता बसायचं कसं? आठवडा होत आला, झोंबणं थोडं कमी आहे. पण हनुवटीवर दोन मोठे, दुखरे मुरुम आलेत आणि हात आपोआप कपाटाकडे जातो. पूर्वी निदान काहीतरी करतेय असं वाटायचं. आता रोज आरशात बघून नुसतं वाट बघायची.

विदर्भकन्या | १३ जुलै

ऋतुजा, मला या काळात आरशापासून लांब राहणं कामी आलं. दिवसातून वीस वेळा बघितलं की दर वेळी चेहरा वेगळाच दिसतो. बाथरूमच्या दिव्यात एक, खिडकीत दुसरा. मी रविवारी सकाळी एकाच खिडकीपाशी, तोंड धुवायच्या आधी एक फोटो काढायची आणि मागच्या रविवारच्या शेजारी ठेवून बघायची. मधल्या दिवसांत हिशेब नाही.

डॉ_अनघा | १३ जुलै

ऋतुजा, ते दोन मुरुम मागच्या आठवड्यातले नाहीत. त्वचेवर दिसणारा मुरुम आत कित्येक आठवडे आधीच तयार व्हायला लागलेला असतो. तू सगळं बंद केल्यामुळे ते जन्मले नाहीत, ते निघालेच होते. त्यामुळे आज लावलेल्या गोष्टीचा गुण किंवा दोष उद्या आरशात शोधायचा नाही. आग मात्र लगेच दिसते, एक-दोन दिवसांत. ही दोन घड्याळं वेगवेगळी चालतात, एवढं लक्षात ठेव.

दुखऱ्या मुरुमावर स्वच्छ फडक्यात गुंडाळलेला बर्फ मिनिटभर धर, दुखणं उतरेल. दाबू नकोस. मुरुमांचे जे खड्डे राहतात त्यातले बरेच नखांनी होतात.

हर्षद७ | १४ जुलै

मी पहिल्या दिवशी घाईने वाचलं होतं, स्टँडचं राहू दे. माझा एक प्रश्न आहे. दाढीनंतर मानेवर पुळ्या येतात, मी त्यावर सॅलिसिलिकच लावतो. तेही बंद करू?

डॉ_अनघा | १४ जुलै

हर्षद, तुमचं बहुतेक उलट्या बाजूने दाढी केल्यामुळे वळून आत शिरलेल्या केसांचं आहे. केस ज्या दिशेने वाढतात त्याच दिशेने वस्तरा फिरवा, एकाच जागी पुन्हा पुन्हा नको. सॅलिसिलिक आठवड्यातून दोनदा चालेल, पण दाढी केल्या केल्या नाही.

सुगरण_माई | २१ जुलै

पोरीचं कसं आहे? सायीचं कुणी नाही म्हटलं नव्हतं, ती तरी लावू द्या.

ऋतुजा_एस | २१ जुलै

माई, बरं आहे. पाणी झोंबत नाही आता. मॉइश्चरायझर फक्त नाकाच्या बाजूला जरा चुरचुरतं. साय पोळीवर घेते.

सनस्क्रीनचा गोंधळ झाला. दोन्ही झोंबत होत्या म्हणून चार दिवस लावलीच नाही. मग मावशीने झिंक ऑक्साइडची आणली. ती झोंबत नाही, पण चेहरा पिठूळ दिसतो. कॉलेजला जाताना स्कार्फ असतोच, तर सनस्क्रीन नाही लावली तर चालेल का?

प्रयोगशाळा_ठाणे | २१ जुलै

झिंकची पांढरट झाक टाळणं आम्हालाही अवघड जातं. थोडी थोडी करून दोनदा लाव, एकदम थापू नकोस. काही ठिकाणी रंग मिसळलेली मिळते, ती गव्हाळ चेहऱ्यावर खपून जाते. माझ्या मते लावच. मुरुमांचे डाग उन्हाने गडद होतात आणि आपल्या रंगावर ते महिनोन्महिने राहतात.

स्कूटीवाली_पुणे | २१ जुलै

मला नाही पटत. पावसाळ्यात, पूर्ण झाकलेला चेहरा, वर्गात दिवसभर. दोन आठवडे नाही लावली तर काय बिघडलं? त्वचा आधी शांत होऊ दे.

डॉ_अनघा | २२ जुलै

दोघांच्या मधे कुठेतरी. सोसत असेल तर लावावी. सोसत नसेल तर दाट विणीचा स्कार्फ आणि सावली काही दिवस पुरतात. ढगाळ दिवशीही अतिनील किरण येतात, म्हणून कायमची सोडू नका. यावर माझे सहकारीही एकमताने बोलणार नाहीत.

नीरजा_कोथरूड | ४ ऑगस्ट

खबर चांगली आहे. लाली गेली, सोलवटणं थांबलं. कपाळावरच्या बारीक पुळ्या तेलाची वेळ बदलल्यावर निम्म्याहून कमी झाल्या. मुरुम आहेत, हनुवटीवर चार-पाच. आम्ही इथल्या त्वचातज्ज्ञांना दाखवून आलो. त्यांनी अॅडापेलीन ०.१ टक्के दिलंय. डॉ. अनघांनी जे मनात आहे म्हटलं होतं तेच. गणपतीत आमच्याकडे पंचवीस माणसं असतात, तोवर चेहरा स्वच्छ होईल का असं ऋतुजाने विचारलं. इथल्या डॉक्टर सरळ नाही म्हणाल्या.

डॉ_अनघा | ४ ऑगस्ट

बरोबर सांगितलं त्यांनी. पहिले दोन-चार आठवडे मुरुम उलट वाढल्यासारखे वाटतील, कारण आत अडकलेले लवकर वर येतात. औषध लागू पडलं की नाही हे बारा आठवड्यांनी ठरवायचं. गणपतीपर्यंत महिनाच होतो.

लावायची रीत: संध्याकाळी तोंड धुऊन पूर्ण कोरडं होऊ दे. आधी मॉइश्चरायझर, मग वाटाण्याएवढं औषध सगळ्या चेहऱ्याला मिळून. मुरुमावर ठिपका ठेवून नाही, कारण येणारा मुरुम कुठे आहे ते आपल्याला दिसत नाही. सुरुवातीला दोन रात्री सोडून तिसऱ्या रात्री. डोळ्यांच्या कडा, नाकपुड्या आणि ओठांचे कोपरे वगळायचे. आणि हे चालू असताना दुसरं काहीही नवीन नाही. पार्लरमध्ये फेशियलही नाही.

ऋतुजा_एस | ५ ऑगस्ट

नायसिनामाइड परत कधी सुरू करू? ते मला खरंच आवडायचं. तेल कमी यायचं.

डॉ_अनघा | ५ ऑगस्ट

औषध महिनाभर सुखाने सोसलं की मग. एका वेळी एकच नवीन बाटली आणि दोन बाटल्यांमध्ये निदान दोन आठवड्यांचं अंतर. आधी जबड्याखाली किंवा कानामागे तीन-चार रात्री लावून बघ.

प्रयोगशाळा_ठाणे | ५ ऑगस्ट

डॉक्टर, इथे जरा वाद घालतो. दोन आठवड्यांत झोंबणं, लाली, खाज हे कळेल. पण एखाद्या क्रीमने रंध्रं बुजत असतील तर ते इतक्यात दिसणार नाही. तुम्हीच वर म्हणालात की मुरुम आत कित्येक आठवडे तयार होतो. मग अंतर सहा आठवड्यांचं हवं, नाही का?

डॉ_अनघा | ६ ऑगस्ट

तुमचा मुद्दा बिनतोड आहे. सहा आठवडे सांगितले तर रुग्ण ऐकत नाहीत, म्हणून मी दोन सांगते. घट्ट, तेलकट क्रीम असेल तर सहा आठवडे थांबावं हेच बरोबर. पातळ सीरमला दोन-तीन पुरतात असा माझा अनुभव आहे, पण यावर पैज लावणार नाही.

ऋतुजा_एस | ६ ऑगस्ट

मी सहा थांबते.

सुगरण_माई | ६ ऑगस्ट

अगं, हीच का ती, आठवड्याला एक बाटली मागवणारी?

जर्सीकर_मनोज | १२ सप्टेंबर

पुण्यात आलो होतो, गणपती झाले, आता परत निघालोय. नीरजाताई, पोरीचं काय झालं?

ऋतुजा_एस | १३ सप्टेंबर

काका, गणपतीत चेहऱ्यावर नऊ मुरुम होते, आधीपेक्षा जास्त. आरतीच्या वेळी एका काकूंनी सगळ्यांसमोर विचारलं की काही लावत का नाहीस. मी म्हटलं लावतेय, नोव्हेंबरमध्ये कळेल. त्या रात्री लाल द्रावणाची खूप आठवण आली. ते लावलं की दुसऱ्या दिवशी सकाळी चेहरा एकदम गुळगुळीत लागायचा, मग दोन दिवसांनी भाजायचा. मी फक्त रविवारचे फोटो काढून शेजारी शेजारी ठेवले. मुरुम जास्त होते, पण जुलैतली लाली कुठेच नव्हती आणि नवे मुरुम लहान होते, दुखत नव्हते. तेवढ्यावर झोपले.

आता तीन आहेत. दिवसाआड लावते. ओठांच्या कोपऱ्यांत मात्र परत साल निघतंय. बंद करू का?

डॉ_अनघा | १३ सप्टेंबर

बंद नको. झोपताना तोंड उशीला लागतं, औषध पसरून कोपऱ्यांत जातं. औषधाआधी कोपऱ्यांना आणि नाकपुड्यांना पेट्रोलियम जेलीचं बोट फिरव. आठवडाभर पुन्हा तिसऱ्या रात्रीवर ये. साल थांबलं की दिवसाआड. पाणी झोंबायला लागलं तर मात्र औषध थांबवून डॉक्टरांना फोन कर.

नीरजा_कोथरूड | २० ऑक्टोबर

या धाग्यावर सुरुवात मी केली होती, म्हणून मूळ प्रश्नाचा हिशेब देते. सतरांतल्या तीन बाटल्या आणि गेलेलं व्हिटॅमिन सी टाकलं. दोन सीलबंद होत्या त्या तिच्या मैत्रिणीने घेतल्या. बाकीच्या माझ्या कपाटात आहेत आणि तिने एकदाही मागितल्या नाहीत. नायसिनामाइड मात्र मागच्या महिन्याच्या शेवटी परत काढून दिलं, डॉक्टरांना विचारून, आणि ते सोसतंय. जुने डाग आहेत, ते जायला वर्ष लागेल असं इथल्या डॉक्टर म्हणाल्या.

आता एकच शंका. दिवाळीच्या पहिल्या आंघोळीला आमच्याकडे तीळतेल आणि उटणं चेहऱ्यालाही लावतात. माझी आई त्यासाठी साताऱ्याहून घरचं उटणं घेऊन येतेय.

डॉ_अनघा | २० ऑक्टोबर

अंगाला खुशाल लावा. चेहऱ्याला यंदा नको, ना तेल ना उटणं. अॅडापेलीनमुळे वरचा थर पातळ आणि नाजूक असतो, त्यावर उटण्याची भरड चोळली तर लाल होईल. केसांचं तेल कपाळावर ओघळलं तर लगेच फेसवॉशने धुवायचं. आजींना वाईट वाटत असेल तर हाता-पायांना दुप्पट लावू द्या.

सुगरण_माई | २० ऑक्टोबर

उटण्यात आंबेहळद, नागरमोथा, कापूरकाचरी असतं, त्याने कुणाचं वाईट झालेलं मी पाहिलं नाही. पण डॉक्टर म्हणतात तर चेहरा सोडून लावा. पुढच्या वर्षी औषध बंद झालं की मी स्वतः वस्त्रगाळ करून पाठवीन, त्यात कणी राहायची नाही.

ऋतुजा_एस | २१ ऑक्टोबर

माई, पाठवा. आधी कानामागे लावून बघेन.